भाड्याचं घर सोडताना: डिपॉझिट, नोटीस आणि दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही. ओळखीपाळखीचे लोक भाडेकरार माझ्याकडे वाचायला आणतात. काही सही करायच्या आधी आणतात, बहुतेक मात्र घर सोडायच्या आठवड्यात. तेव्हा डिपॉझिट अडकलेलं असतं, मालकाशी बोलणं बंद झालेलं असतं आणि कराराची प्रत मोबाइलमधल्या एका तिरक्या फोटोत असते. त्या आठवड्यात जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतले आहेत. डिपॉझिट, नोटीस आणि दुरुस्ती ही करारात तीन वेगळी कलमं असली तरी चावी परत करायच्या दिवशी त्यांचा हिशेब एकाच कागदावर मांडला जातो, म्हणून ती एकत्र समजून घेतलेली बरी.

ही उत्तरं मला लागू पडतील का?

करार कसा वाचायचा, तारखा कशा मोजायच्या, पुरावा काय ठेवायचा, हा भाग कुठेही लागू पडतो. तुमच्या बाजूने कायदा काय म्हणतो, हा भाग मात्र जागेनुसार बदलतो, आणि थोडाथोडका नाही.

डिपॉझिटचंच बघा. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांसाठी ते पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. जर्मनीत मर्यादा तीन महिन्यांच्या भाड्याची आहे, त्यात पाणी-हीटिंगचा खर्च धरत नाहीत, आणि ती रक्कम तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. भारतात केंद्र सरकारने 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मांडला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा तसा केला तरच तो तिथे चालतो. त्यामुळे ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही’ असं कोणी छातीठोक सांगितलं, तर कुठल्या राज्यात, हे आधी विचारा.

खाली जिथे कायद्याचा उल्लेख आहे तिथे तो दाखला म्हणून आहे. तुमच्या गावचा नियम तुमच्या गावच्या माणसालाच विचारावा लागेल.

डिपॉझिट म्हणजे नेमके कोणाचे पैसे?

तुमचे. मालकाकडे ते तारण म्हणून ठेवलेले असतात. भाडं थकलं, बिल राहिलं किंवा घराचं नुकसान झालं, तर त्यातून भरपाई करता यावी एवढाच त्यांचा हेतू. पागडी किंवा दलाली वेगळी, ती परत येत नसते. म्हणून पैसे देताना पावतीवर किंवा बँकेच्या व्यवहारात ‘डिपॉझिट’ हा शब्द असू द्या. नुसतं ‘घरासाठी दिले’ असं लिहिलं तर दोन वर्षांनी त्यातलं भाडं किती आणि डिपॉझिट किती, यावर वाद घालायला जागा राहते.

रोख दिले असतील तर करारात ‘रक्कम मिळाली’ हे वाक्य आहे का, ते पाहा. ‘देण्याचे ठरले’ आणि ‘मिळाले’ यांत फार अंतर आहे.

डिपॉझिटच्या कलमात काय शोधायचं?

बहुतेक करारांत एक वाक्य असतं: ‘योग्य त्या कपाती करून डिपॉझिट परत करण्यात येईल.’ दिसायला निरुपद्रवी. पण योग्य म्हणजे काय, ते कोण ठरवणार आणि परत कधी करणार, यातलं एकही त्यात सांगितलेलं नाही. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं याच वाक्यातून निघालेली असतात.

सही करायच्या आधी त्या जागी असं काहीतरी लिहून घ्या: ‘घराचा रिकामा ताबा मिळाल्यापासून अमुक दिवसांत डिपॉझिट परत केले जाईल. थकीत भाडे, थकीत बिले आणि नेहमीच्या वापरातील झीज सोडून झालेले नुकसान एवढ्याच कारणांसाठी कपात करता येईल, आणि प्रत्येक कपातीचे बिल भाडेकरूला दिले जाईल.’ मालक सरळ असेल तर त्याला यात हरकत घेण्यासारखं काही नाही. हरकत घेतली तर निदान तुम्हाला वेळेत कळलं.

रंगकामाचं कलम वेगळं वाचा. ‘घर सोडताना भाडेकरूने रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे द्यावे’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर नंतर झीज आणि नुकसान यांवर वाद घालून फारसं हाती लागत नाही. असं कलम टिकतं का, हे ठिकाणानुसार ठरतं. पण सहीच्या आधी खोडून घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नोटीस नेमकी कुठल्या दिवसापासून मोजायची?

एवढा साधा प्रश्न, पण पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात.

पहिली गोष्ट, कलमात ‘लेखी’ हा शब्द आहे का? असेल तर जिन्यात भेटल्यावर सांगितलेलं नोटीस म्हणून धरलं जाणार नाही. लेखी म्हणजे कागदच, की ईमेल किंवा मेसेजही चालतो, हेही करारात पाहा. करारात काही नसेल तर कागदही द्या आणि ईमेलही पाठवा. दुप्पट काम वाटेल, पण पाच मिनिटांचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नोटीस मिळाल्यापासून मोजतात की दिल्यापासून. पोस्टाने पाठवली आणि ती चार दिवसांनी पोचली, तर ते चार दिवस कोणाच्या खात्यावर? करार गप्प असेल तर पोचल्याची तारीख धरून चाला. म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक महिना म्हणजे तीस दिवस की कॅलेंडरचा महिना? काही करारांत लिहिलेलं असतं की नोटीस भाड्याच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होईल. तसं असेल तर दोन तारखेला दिलेली नोटीस पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मोजली जाते, आणि एका दिवसाच्या उशिरापायी जवळजवळ महिनाभराचं भाडं जातं. जर्मनीत तर कायद्यातच असं आहे की भाडेकरूची नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तर तो महिना मोजायचा, नाहीतर हिशेब पुढच्या महिन्यापासून. तेव्हा असल्या अटीला मालकाचे चाळे समजू नका. फक्त ती तुमच्या करारात आहे की नाही, ते शोधा.

चौथी गोष्ट शब्दांची. ‘पुढच्या महिन्यात घर सोडायचा विचार आहे’ ही नोटीस होत नाही, तो विचार झाला. ‘मी अमुक तारखेला घर रिकामं करून ताबा देत आहे, हे पत्र कराराच्या अमुक कलमानुसार नोटीस समजावे’ ही नोटीस. तारीख नसलेली नोटीस म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

करारात नोटीसबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मग?

मग तिथला कायदा बोलतो. भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात महिन्याच्या हिशेबाने चालणाऱ्या भाडेपट्ट्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस सांगितली आहे. ती करारात वेगळं काही ठरलेलं नसेल आणि दुसरा स्थानिक कायदा आड येत नसेल तेव्हाच लागू होते. शिवाय भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स हे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे प्रकार आहेत. कागदाच्या वर काय शीर्षक आहे, तेवढ्यावरून नेहमीच निकाल लागत नाही. अशा वेळी अंदाज करत बसू नका. वकिलाला कागद दाखवा.

लॉक-इन आणि नोटीस एकच का?

नाही. लॉक-इन म्हणजे ज्या मुदतीत घर सोडायचंच नाही असं ठरलंय ती मुदत. नोटीस तिच्यानंतर कामाची. सहा महिन्यांचं लॉक-इन आणि एक महिन्याची नोटीस असेल, तर पाचव्या महिन्यात नोटीस देऊन सहाव्याच्या शेवटी निघता येतं की सहा महिने पुरे झाल्यावरच नोटीस द्यायची, हे कलमाच्या शब्दांवर आहे. आणि लॉक-इन मालकालाही लागू आहे की फक्त तुम्हाला, तेही बघून घ्या. एकतर्फी लॉक-इन मी बरीच पाहिली आहेत.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा, असं सांगितलं तर?

मालकाने लेखी होकार दिला तर खुशाल करा. त्याच्या होकाराशिवाय करू नका. सगळेच करतात हे खरं, कारण डिपॉझिट परत येणार नाही अशी भीती असते. पण करार तसं म्हणत नसेल तर त्या दिवसापासून तुम्ही भाडं थकवणारे ठरता. मालकाने आणखी कुठली कपात केली तर ‘आधी भाडं भरा’ हे उत्तर त्याच्या हाती आयतं येतं. तुमची बाजू भक्कम असतानाही ती अशी कमजोर पडू शकते.

दुरुस्ती कोणी करायची?

आधी करार, मग कायदा. पण दोन्हींच्या मागे एक जुनी आणि बरीचशी सार्वत्रिक समजूत आहे: घराची हाडं मालकाची आणि रोजचा वापर भाडेकरूचा. छत, भिंतीची ओल, जमिनीखालची पाइपलाइन, भिंतीतलं वायरिंग ही मालकाची. नळाचा वॉशर, बल्ब, दाराची कडी, तुंबलेली मोरी ही भाडेकरूची. इंग्लंडमध्ये 1985 चा कायदा घराचा सांगाडा, बाहेरची बाजू आणि पाणी, वीज, गॅस, हीटिंगच्या सोयी अल्प मुदतीच्या भाड्यात मालकाच्या गळ्यात घालतो. भारतातल्या आदर्श कायद्याने तर दोघांच्या दुरुस्त्यांची यादीच परिशिष्टात दिली आहे. त्यात भिंतींना सफेदी आणि दारं-खिडक्यांना रंग हे काम मालकाच्या बाजूला आहे. स्विच, सॉकेट, गीझर, वॉश बेसिन यांची दुरुस्ती भाडेकरूच्या बाजूला आहे. गीझर भाडेकरूकडे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतात. म्हणूनच करारात स्वतःची यादी असलेली बरी.

भांडण होतं ते मधल्या गोष्टींवरून. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पाणी ठिबकतंय असं समजा. वॉशर गेला असेल तर तुमचं काम. भिंतीतून येणारी पाइप सडली असेल तर मालकाचं. पण ठिबकतंय हे तीन महिने कोणालाच सांगितलं नाही, आणि खालचं लाकडी कपाट फुगून त्याचा तळ सुटला, तर पाइप मालकाची असूनही कपाटाचा खर्च तुमच्याकडे येऊ शकतो. दुरुस्ती कोणाचीही असो, ती दिसल्याबरोबर कळवणं हे तुमचं काम. फोटो काढा, तारखेसह पाठवा आणि ‘केव्हा करून देता’ असं विचारा. नुसतं ‘नळ गळतोय’ म्हणून हसरा चेहरा पाठवू नका.

ओलीचं निदान प्लंबरकडून लिहून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. ‘वरच्या गच्चीतून झिरप’ आणि ‘बाथरूममधून वापराचं पाणी’ या दोन वाक्यांनी खर्चाची दिशाच बदलते. घरी बघायचं झालं तर एवढं पाहा: ओल पावसानंतर वाढते की वर्षभर सारखी असते, छताजवळून खाली उतरते की जमिनीकडून वर चढते, आणि बाथरूम दोन दिवस वापरलं नाही तर कमी होते का. यावरून पक्कं निदान होत नाही, पण प्लंबरला बोलवायला आणि मालकाला लिहायला पुरेसं आहे.

मालक दुरुस्तीच करत नाही. भाडं थांबवू का?

एकदम थांबवू नका. हा सल्ला सर्वांत नावडता आहे, मला माहीत आहे. पण भाडं थकणं हे बहुतेक ठिकाणी घर खाली करायला लावण्याचं पहिलं कारण असतं. तुमचं छत गळतंय ही तक्रार त्या थकबाकीपुढे मागे पडते.

काही कायद्यांत वेगळी वाट दिलेली असते: आधी लेखी कळवायचं, वाजवी मुदत द्यायची, मग स्वतः दुरुस्ती करून बिलासकट खर्च भाड्यातून वजा करायचा. भारतातल्या आदर्श कायद्यात अशी तरतूद आहे, पण एका महिन्यात भाड्याच्या अर्ध्याहून जास्त कापता येत नाही. तुमच्याकडे अशी वाट आहे का आणि तिच्या पायऱ्या काय, हे खात्री करून घेतल्याशिवाय कापाकापी सुरू करू नका. वाट असूनही पायरी चुकली की ती पुन्हा थकबाकीच मोजली जाते.

झीज आणि नुकसान यांत फरक कसा करायचा?

मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: नीट राहणाऱ्या माणसाच्या हातूनही एवढ्या काळात हे झालं असतं का? उन्हाने पडद्याच्या रेषेवर भिंतीचा रंग फिका पडणं, दाराच्या मुठीभोवती हाताचा काळा डाग, फरशीवर पायवाटेसारखी घासणी ही झीज. फुटलेलं बेसिन, खडूने रंगवलेली भिंत, प्लायवर इस्त्रीची जळकी खूण हे नुकसान. फोटो टांगायला मारलेले दोन-चार खिळे कुठे बसतात, यावर मात्र लोक तासभर बोलू शकतात. करारात खिळ्यांवर बंदी नसेल तर मी ते झीजेत धरतो.

दुसरा प्रश्न वयाचा. वस्तू जुनी होती तर नव्या वस्तूची पूर्ण किंमत भाडेकरूने का द्यावी? रंग पाच वर्षं टिकणार असेल आणि तुम्ही शिरलात तेव्हा तो तीन वर्षांचा होता, तर तुम्ही बिघडवलं ते उरलेल्या दोन वर्षांचं. हा हिशेब सगळीकडे कायद्याने बंधनकारक नाही. पण समोरासमोर बसल्यावर मालकाला पटतो, कारण तो आकड्यांत मांडता येतो.

हा हिशेब प्रत्यक्ष कसा दिसतो?

एक उदाहरण रचून दाखवतो. सोपं जावं म्हणून महिन्याचं भाडं 100 धरू. डिपॉझिट 300. करारात एक महिन्याची लेखी नोटीस, लॉक-इन संपलेलं, रंगकामाबद्दल कलम नाही.

भाडेकरू बाईने 5 मे रोजी मेसेज केला: ‘पुढच्या महिन्यात घर सोडायचा विचार आहे.’ मालकाने उत्तरात अंगठ्याचा इमोजी पाठवला. 12 मे रोजी तिने ईमेलने रीतसर नोटीस दिली. 5 जूनला घर रिकामं केलं, त्या दिवसापर्यंतचं भाडं भरलं, चावी दिली. मालकाने कपातीची यादी पाठवली: नोटिशीतल्या उरलेल्या दिवसांचं भाडं 23, सगळ्या घराचा रंग 90, फुटलेलं बेसिन 20, विजेचं शेवटचं बिल 8. एकूण 141. म्हणजे परत 159.

तिचं म्हणणं होतं की 23 आणि 90 सरळ अन्यायाचे आहेत. यातलं एक बरोबर, एक चूक.

नोटिशीचे 23 मालकाचे बरोबर. 5 मेचा मेसेज हा विचार होता, त्यात तारीख नव्हती. नोटीस 12 मेची, ती 12 जूनला संपते. 6 ते 12 जून हे सात दिवस राहिले. दिवसाचं भाडं 100 भागिले 30, म्हणजे साडेतीनच्या आत, सात दिवसांचे साधारण 23. मालकाचा अंगठा हा होकार मानावा, असं ती म्हणू शकते, आणि कदाचित मालक ऐकेलही. पण माझ्या मते त्यावर मदार ठेवू नये. 5 तारखेच्याच मेसेजमध्ये तारीख लिहिली असती आणि मेसेज चालतो असं करारात असतं, तर हे 23 वाचले असते.

रंगाचे 90 मात्र पटत नाहीत. घराचा रंग ती शिरली तेव्हाच तीन वर्षांचा होता. झोपायच्या खोलीत ओल होती, ती वरच्या गच्चीतून आली असं प्लंबरने लिहून दिलं आहे, आणि ती दिसल्याच्या आठवड्यात तिने फोटो पाठवलेला आहे. उरली एक भिंत, जी मुलाने खडूने रंगवली. त्या एका भिंतीचा खर्च 15. रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरलं तर शिल्लक दोन, म्हणजे 15 चे दोन पंचमांश, 6. (घरात ती वर्षभर राहिली, तो काळही वजा केला तर आकडा आणखी खाली येतो. पण मी एवढं ताणत नाही, कारण रंगाचं आयुष्य पाच की सात, हाच मुळात अंदाज आहे.)

बेसिन तिच्याकडून बाटली पडून फुटलं, हे तिला मान्य. नव्याची किंमत 20. बेसिन अर्धं आयुष्य जगलेलं धरून 10. विजेचं बिल प्रत्यक्ष वापराचं आहे, 8 पूर्ण द्यायचे.

मग कपात 23, 6, 10 आणि 8, एकूण 47. परत 253. मालकाच्या आकड्याहून 94 जास्त, पण तिने मनात धरलेल्या तीनशेहून कमीच. मी तिच्या जागी असतो तर हाच आकडा, प्रत्येक ओळीसमोर कारण आणि पुरावा लिहून, मालकाला पाठवला असता. तीनशेच्या हट्टावर बसलं की मालक रंगाच्या 90 वर बसतो आणि दोघंही तिथेच राहतात.

हे सगळं टाळायला घरात शिरताना काय करायचं?

सामान आत यायच्या आधी एक फेरी मारा. प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, नळ सोडून, फ्लश दाबून दाखवा. मीटरचं रीडिंग स्पष्ट दिसेल असं टिपा. आधीचे डाग, तडे, पोपडे जवळून घ्या. मग ते सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा. नुसतं स्वतःकडे ठेवलेलं छायाचित्र कधीचं आहे, यावर शंका घेता येते. समोरच्याला पाठवलेल्यावर तारीख आपोआप बसते.

वस्तूंची यादी कराराला जोडायची असेल तर ‘पंखा 4’ एवढंच लिहू नका. ‘पंखा 4, त्यातला एक हळू फिरतो’ असं लिहा. निघताना तोच पंखा तुमच्या नावावर मांडला जातो.

जाताना हीच फेरी मालकासोबत मारा आणि चावी दिल्याची दोन ओळींची नोंद दोघांच्या सह्यांनी करा. ताबा कोणत्या दिवशी दिला हे त्या कागदावर नसेल तर डिपॉझिट परतीची मुदत कधी सुरू झाली, हेच सिद्ध करता येत नाही.

करार नोंदवलेला नाही, किंवा सगळं तोंडीच आहे. माझं काहीच चालणार नाही का?

असं नाही. भाडं दिल्याचे बँकेतले व्यवहार, मेसेज, पावत्या यांनाही वजन असतं. महाराष्ट्रात तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि लेखी नोंदलेला करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. दुसरीकडे असं असेलच असं नाही. तोंडी व्यवहारात अडकला असाल तर निदान आजपासून लेखी बोलायला लागा: ‘आपलं ठरल्याप्रमाणे डिपॉझिट इतकं दिलं आहे, नोटीस एक महिन्याची आहे’ असा एक साधा मेसेज पाठवा. समोरून ‘हो’ आलं तरी पुष्कळ.

कोणते प्रश्न इथे विचारून उपयोग नाही?

‘मी केस जिंकेन का’ याचं उत्तर मी देत नाही. देता येतही नाही, कारण मी एकच बाजू ऐकलेली असते. करारातल्या वाक्याचा साधा अर्थ मी सांगू शकतो. ते वाक्य तुमच्या न्यायालयात टिकेल का, हे नाही.

काही वेळा तर इथे वाचत बसू नका, सरळ वकील किंवा मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा गाठा. मालकाने कुलूप बदललं, वीज किंवा पाणी तोडलं, न्यायालयाचा किंवा वकिलाचा कागद आला, घर सोडल्याच्या कागदावर सही करायला दबाव येतोय, किंवा मालकच बदलला आणि नवा म्हणतो डिपॉझिटशी माझा संबंध नाही, अशा वेळी. वकिलाच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत असते, आणि ती मुदत तुम्ही सल्ले गोळा करत असतानाही सरतच असते.

दुकान, गोदाम, कार्यालय यांच्या करारांबद्दलही मी बोलत नाही. तिथली कलमं दिसायला सारखी असतात, पण नियम पुष्कळ वेगळे असतात.

चावी दिली, मुदत संपली, डिपॉझिट आलं नाही. आता?

आधी फोन नको, लिहा. ताबा दिल्याची तारीख, डिपॉझिटची रक्कम, तुमच्या हिशेबाने होणारी कपात आणि परत यायची रक्कम, एवढं एका पानात मांडा. वरच्या उदाहरणासारखी मान्य कपात स्वतःहून दाखवलेली असली की पत्र वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला तुम्ही हिशेबी वाटता. उत्तरासाठी ठरावीक तारीख द्या, आणि तुमच्या बँक खात्याचा तपशील त्याच पत्रात द्या, म्हणजे ‘कुठे पाठवू’ ही सबब राहत नाही.

तारीख उलटली तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने तेच पत्र पुन्हा, आणि त्यानंतर वकिलाची नोटीस. त्यापुढे दाद कुठे मागायची, हे ठिकाणावर आहे: कुठे भाडे प्राधिकरण असतं, कुठे दिवाणी न्यायालय, तर इंग्लंडसारख्या ठिकाणी डिपॉझिट सांभाळणाऱ्या योजनेचीच वाद सोडवायची मोफत सोय असते. जायच्या आधी एक आकडेमोड करून घ्या: वादातली रक्कम किती आणि ती मिळवायला जाणारा खर्च व दिवस किती. वरच्या उदाहरणात वाद 94 चा होता, महिन्याच्या भाड्याहूनही कमी. मालकाने 70 वर तडजोड सुचवली असती, तर मी तिला पैसे खात्यात जमा झाल्यावरच ‘हिशेब पूर्ण’ असं लिहून द्यायला सांगितलं असतं.